केस नेमकी कधी सुरू होते? एफआयआर, चार्जशीट, दखल की समन्स

नाशिकला सीबीएसजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात अर्धा तास नुसतं उभं राहिलं तरी "आम्ही केस टाकलीये" हे वाक्य पाच-सात जणांच्या तोंडून ऐकू येतं, आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा असतो. कोणी पोलीस स्टेशनला एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, दिलेली असते, कोणाची एफआयआर झालेली असते, कोणाच्या वकिलांनी कोर्टात तक्रारअर्ज दाखल केलेला असतो आणि मोबाईलवर ई-कोर्टच्या अ‍ॅपमध्ये नंबर दिसायला लागलेला असतो. यातल्या प्रत्येकाला वाटतं की केस सुरू झाली. कायद्याच्या हिशोबाने यातल्या एकाचीही अजून सुरू झालेली नसण्याची शक्यता भरपूर आहे.

लॉच्या परीक्षेत हा प्रश्न पर्याय देऊन विचारतात, तसाच इथे मांडतो. फौजदारी केस औपचारिकपणे कधी सुरू होते? अ, एफआयआर नोंदवली तेव्हा. ब, आरोपीला अटक करून कोर्टात हजर केलं तेव्हा. क, चार्जशीट किंवा तक्रार कोर्टात दाखल झाली तेव्हा. ड, मॅजिस्ट्रेटने गुन्ह्याची दखल घेतली तेव्हा. इ, आरोपीला समन्स निघालं तेव्हा. आणि फ, आरोप निश्चित झाले तेव्हा.

उत्तर ड आहे, पण बाकीचे पर्याय उगाच ठेवलेले नाहीत, प्रत्येकाचं काहीतरी कायदेशीर महत्त्व आहेच आणि गोंधळ तिथूनच होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा, तो उघडून बघा. कलम २१० दखलीबद्दल आहे, आणि ते ज्या प्रकरणात आहे त्याचं नावच कार्यवाही दाखल होण्यासाठी लागणाऱ्या अटी अशा अर्थाचं आहे. त्यानंतर तक्रारींचं प्रकरण, आणि त्याच्यापुढे कलम २२७ पासून मॅजिस्ट्रेटपुढे कार्यवाही चालू होण्याचं वेगळं प्रकरण. म्हणजे दखल आणि समन्स या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत हे कायदा स्वतःच मांडणीतून सांगतो, आणि दखल ही पहिली पायरी.

आता दखल म्हणजे नक्की काय? कायद्यात याची व्याख्या कुठेच दिलेली नाही. ती सुप्रीम कोर्टाच्या निकालांतून तयार झाली, १९५१ च्या आर. आर. चारी केसपासून. त्याचं सार असं की मॅजिस्ट्रेटने समोरच्या कागदांवर डोकं लावलं, आणि ते तपासाला मदत म्हणून किंवा एखादं वॉरंट काढायला म्हणून लावलं नाही, तर कोर्टाने स्वतः या गुन्ह्यावर पुढची कार्यवाही करायची या हेतूने लावलं, तर ती दखल. यात दोन गोष्टी आहेत, डोकं लावणं आणि कशासाठी लावलं ते. दुसरी गोष्ट लोक विसरतात. आरोपीला अटक करून मॅजिस्ट्रेटपुढे आणलं, त्यांनी केस डायरी वाचली, दोन्ही बाजूंचं ऐकलं आणि चार दिवसांची पोलीस कोठडी दिली, तर डोकं नक्कीच लावलं, पण ते तपासापुरतं. ती दखल नाही. म्हणून पर्याय ब बाद. एफआयआर तर पोलिसांच्या हातातली गोष्ट, तिथे कोर्टाने अजून काही केलेलंच नसतं, म्हणून अ सुद्धा बाद.

हे एका उदाहरणातून बघू, म्हणजे पर्याय क, ड आणि इ यांच्यातला फरक हाताला लागेल. माणसं आणि आकडे काल्पनिक आहेत, पण असं प्रकरण आपल्या भागात द्राक्षाच्या सीझनला नवीन नाही.

मखमलाबादला एका नानांची द्राक्षबाग आहे. मार्चमध्ये वाशीचा म्हणून सांगणारा एक व्यापारी आला, ६२ रुपये किलोने सौदा झाला, ९ टन माल गेला. झाले ५ लाख ५८ हजार. व्यापाऱ्याने ५८ हजार हातावर टेकवले आणि उरलेले ५ लाख आठ दिवसांत देतो म्हणाला. आठ दिवसांनी फोन बंद. नानांच्या मुलाने वाशीला जाऊन बघितलं तर पावतीवर छापलेल्या पत्त्यावर त्या नावाची फर्मच नाही, गाळा दुसऱ्याचाच. पोलीस स्टेशनला गेले तर साहेब म्हणाले, "नाना, हा पैशाच्या देण्याघेण्याचा विषय आहे, दिवाणीत जा."

हे उत्तर दर वेळी चुकीचं असतं असं नाही, कारण नुसते पैसे थकवणं हा गुन्हा नाही, फसवणुकीला सुरुवातीपासूनच बुडवायचा इरादा लागतो. पण इथे फर्मचं नाव आणि पत्ता पहिल्या दिवसापासून खोटा होता, त्यामुळे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) ची फसवणूक दिसते, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेला दखलपात्र गुन्हा. (हा 'दखलपात्र' शब्द फक्त पोलिसांपुरता आहे, त्यांना वॉरंटशिवाय अटक करता येते एवढाच त्याचा अर्थ. मॅजिस्ट्रेटच्या दखलीशी त्याचा संबंध नाही, अदखलपात्र गुन्ह्याची सुद्धा मॅजिस्ट्रेट दखल घेऊ शकतात.)

आता नानांपुढे कोर्टात जायचे दोन रस्ते आहेत, आणि दोन्ही एकाच मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर येऊन पोचतात.

पहिला रस्ता कलम १७५(३) चा, जुन्या भाषेत १५६(३), वकील मंडळी अजून तोच नंबर बोलतात. यात नाना कोर्टाला म्हणतात की पोलिसांना तपास करायला सांगा. त्याआधी मात्र कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांकडे, म्हणजे शहरात पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीणला एसपींकडे, लेखी तक्रार पोस्टाने पाठवलेली पाहिजे, आणि कोर्टातल्या अर्जाला प्रतिज्ञापत्र जोडलेलं पाहिजे. प्रतिज्ञापत्राचं बंधन आधी २०१५ च्या प्रियांका श्रीवास्तव निकालाने घातलं होतं, आता ते कायद्यातच लिहिलंय. पोस्टाची पावती नाही म्हणून अर्ज अडकला असं खूप होतं, त्यामुळे ती पावती सांभाळून ठेवा. नवीन कायद्यात अजून एक भर आहे, मॅजिस्ट्रेटने आदेश देण्याआधी पोलिसांचं म्हणणं विचारात घ्यायचं आणि गरज वाटली तर चौकशी करायची.

समजा मॅजिस्ट्रेटनी हे सगळं बघितलं आणि तपासाचा आदेश दिला. नाना पेढे वाटतील, केस लागली म्हणतील. पण ही दखल नाहीच. मॅजिस्ट्रेटनी कागद वाचले, पोलिसांचं ऐकलं, कारणं देऊन आदेश लिहिला, तरी नाही, कारण हेतू तपास सुरू करून देण्याचा होता. चेंडू परत पोलिसांकडे गेला. आता एफआयआर होईल, तपास होईल, आणि शेवटी पोलीस कलम १९३ खाली रिपोर्ट देतील. तो रिपोर्ट एक तर चार्जशीट असेल, नाहीतर समरी, म्हणजे प्रकरण बंद करा असं सांगणारा रिपोर्ट.

महाराष्ट्रात समरी तीन प्रकारची असते, आणि लोकांना हे माहीत नसतं. गुन्हा खरा आहे पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही, तर 'अ' समरी. तक्रार जाणूनबुजून खोटी, तर 'ब'. आणि गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची, तर 'क'. नानांसारख्या प्रकरणात 'क' समरी येण्याची शक्यता बरीच असते, पोलिसांचं पहिल्यापासूनचं मत तेच होतं ना.

समरी आली म्हणजे सगळं संपलं असं समजून घरी बसणारे लोक बघितले की वाईट वाटतं, कारण तिथेच खरे पर्याय उघडतात. समरी मान्य करण्याआधी तक्रारदाराला नोटीस देऊन ऐकलंच पाहिजे, हे भगवंत सिंग केसमध्ये १९८५ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. नोटीस आली की नानांनी हरकत घ्यायची, लेखी, खोट्या पत्त्याचा पुरावा जोडून. मग मॅजिस्ट्रेट समरी मान्य करू शकतात, किंवा पुढचा तपास करा म्हणू शकतात, किंवा पोलिसांचं मत बाजूला ठेवून त्याच कागदांवरून थेट दखल घेऊ शकतात, किंवा नानांचा हरकतअर्ज हीच तक्रार धरून पुढे जाऊ शकतात. एकच गोष्ट करता येत नाही, पोलिसांना "चार्जशीटच दाखल करा" असा हुकूम. १९६७ च्या अभिनंदन झा निकालात हे स्पष्ट झालंय, कारण तपासात काय मत बनवायचं ते पोलिसांचं काम आणि त्या मताला बांधील न राहता दखल घ्यायची की नाही हे कोर्टाचं काम.

आणि समजा चार्जशीट आली. ती कोर्टाच्या काउंटरवर दाखल झाली, शिक्का पडला, नंबर पडला. हा आपला पर्याय क. इथेही दखल अजून बाकी आहे, ती मॅजिस्ट्रेट ते कागद बघून पुढे जायचं ठरवतात तेव्हा होते. व्यवहारात चार्जशीटवर दखल बऱ्याचदा एका छोट्या आदेशाने होते, पोलीस रिपोर्टवर लांबलचक कारणं लिहिण्याची सक्ती नाही, पण कागद वाचलेत हे दिसलं पाहिजे. नुसता छापील फॉर्म भरून सही केली असेल तर वरच्या कोर्टात तो आदेश टिकायची मारामार होते.

इथे एक बारीक पण कामाची गोष्ट. दखल गुन्ह्याची घेतली जाते, गुन्हेगाराची नाही. १९६७ चाच रघुबंस दुबे निकाल. म्हणजे नानांच्या चार्जशीटमध्ये पोलिसांनी फक्त व्यापाऱ्याचं नाव घातलं आणि ज्याच्या खात्यावर वाशीतून मालाचे पैसे फिरले त्या भावाला सोडून दिलं, तरी दखल घेताना मॅजिस्ट्रेटना कागदांत त्या भावाचा सहभाग दिसला तर त्यालाही समन्स काढता येतं. नाव चार्जशीटमध्ये नाही म्हणून सुटला असं होत नाही.

आता दुसरा रस्ता, कलम २२३ ची खाजगी तक्रार, जुनी कलम २००. यात नाना पोलिसांना मध्ये आणत नाहीत, कोर्टालाच म्हणतात की गुन्हा झालाय, तुम्ही बघा. यासाठी आधी वरिष्ठ पोलिसांकडे पोस्टाने अर्ज पाठवायची अट नाही. कोणता रस्ता घ्यावा? माझं मत असं, पुरावा तुमच्या हातात असेल, म्हणजे वजनकाट्याच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, माल भरताना हजर असलेले मजूर, तर २२३ बरा. पण बँकेचे डिटेल्स, फोनचे रेकॉर्ड, ट्रकचा मालक कोण, खरा माणूस कोण हेच शोधायचं असेल तर ते तुमच्याच्याने होणार नाही, तिथे पोलीस लागतात आणि १७५(३) मागायला पाहिजे. आणि तुम्ही १७५(३) मागितलं तरी मॅजिस्ट्रेट ते द्यायला बांधील नाहीत, तपासाची गरज नाही असं वाटलं तर ते तोच अर्ज तक्रार म्हणून ठेवून घेऊन तुम्हाला व्हेरिफिकेशनला बोलावू शकतात.

व्हेरिफिकेशन म्हणजे तक्रारदाराचा शपथेवरचा जबाब. नाना बॉक्समध्ये उभे राहतात, मॅजिस्ट्रेट प्रश्न विचारतात, सौदा कधी झाला, माल कुठे भरला, पैसे किती मिळाले, हजर कोण होतं, आणि जबाब लिहून सही होते. जुन्या कायद्यात सरळ हिशोब होता, मॅजिस्ट्रेटनी व्हेरिफिकेशन घ्यायला सुरुवात केली की दखल घेतली असं धरायचे, कारण तपासाला न पाठवता त्यांनी स्वतः पुढे जायचं ठरवलं. परीक्षेच्या जुन्या गाइडमध्ये अजून हेच उत्तर छापलेलं असतं.

पण नवीन कायद्याने इथे मोठा बदल केलाय, आणि गेल्या काही वर्षांत मॅजिस्ट्रेट कोर्टात तक्रारींची जी चाल बदललीये ती यामुळेच. कलम २२३ ला जोडलेलं परंतुक म्हणतं की आरोपीला ऐकून घेण्याची संधी दिल्याशिवाय मॅजिस्ट्रेटनी दखल घ्यायची नाही. आधी आरोपीला समन्स मिळेपर्यंत कोर्टात बोलायचा हक्कच नव्हता, आता दखलीच्याही आधी त्याला नोटीस जाते. कर्नाटक हायकोर्टाने २०२४ मध्ये याचा क्रम लावून दिला, आधी तक्रारदाराचा आणि हजर साक्षीदारांचा शपथेवर जबाब, मग आरोपीला नोटीस, मग त्याचं ऐकून दखल घ्यायची की नाही ते ठरवायचं. मला हाच क्रम बरोबर वाटतो, कारण नानांचा जबाबच झाला नसेल तर व्यापाऱ्याचा वकील उत्तर कशाला देणार? आणि हे परंतुक फक्त नावापुरतं नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ईडीच्या एका तक्रारीवरची दखल याच कारणाने रद्द केली, आरोपीला आधी ऐकलं नव्हतं म्हणून. कुशल कुमार अगरवाल या नावाने तो निकाल सापडेल. चेक बाउन्सच्या तक्रारींत मात्र दखलीआधी अशी नोटीस काढायची गरज नाही असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलंय.

म्हणजे आता नानांच्या तक्रारीत व्हेरिफिकेशन झालं त्या दिवसावर बोट ठेवून दखल झाली म्हणता येणार नाही. नोटीस वाशीला जाईल, पत्ता खोटा निघाला तर परत येईल, तारीख पडेल. व्यापारी हजर झाला तर त्याचा वकील सांगेल की हा शुद्ध दिवाणी व्यवहार आहे. या टप्प्यावर मिनी ट्रायल होत नाही, साक्षीदारांची उलटतपासणी नसते, तक्रार आणि जबाब खरे धरले तर गुन्हा दिसतो का एवढंच मुख्यतः बघायचं असतं. मग मॅजिस्ट्रेट दखल घेतल्याचा आदेश करतात. आपला पर्याय ड हा, आणि नानांची केस औपचारिकपणे सुरू झाली ती या आदेशाने.

तरी समन्स अजून नाही! व्यापारी वाशीचा, म्हणजे नाशिकच्या मॅजिस्ट्रेटच्या हद्दीबाहेरचा, आणि असा आरोपी असेल तर कलम २२५ प्रमाणे समन्स थांबवून आधी चौकशी करणं सक्तीचं आहे. चौकशी मॅजिस्ट्रेट स्वतः करतील किंवा पोलिसांकडून रिपोर्ट मागवतील. इथे बरेच जण फसतात, म्हणतात की पोलिसांकडेच पाठवलं ना, मग १७५(३) आणि २२५ मध्ये फरक काय? फरक हा की १७५(३) दखलीच्या आधीचं, त्यात एफआयआर होते, पोलिसांना त्यांचे सगळे अधिकार मिळतात आणि ते चार्जशीट देतात. २२५ दखलीच्या नंतरचं, त्यात एफआयआर नाही, आणि या चौकशीत पोलिसांना विनावॉरंट अटक करता येत नाही, हे २०१५ च्या रामदेव फूड निकालात आलंय. तिथे पोलीस फक्त कोर्टाचं एक ठराविक काम करतात, पुढे जायला पुरेसं कारण आहे का ते सांगायचं. आणि तक्रारीवर एकदा दखल घेतली की मॅजिस्ट्रेटना परत मागे येऊन १७५(३) चा आदेश देता येत नाही. तक्रारदाराने म्हणूनच सुरुवातीलाच नीट विचार करायचा, तो रस्ता नंतर बंद होतो.

चौकशीत दम नसेल तर कलम २२६ खाली तक्रार फेटाळली जाते, कारणं थोडक्यात लिहून. दम असेल तर कलम २२७, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात ते 'प्रोसेस इश्यू'. हा पर्याय इ. त्याआधी साक्षीदारांची यादी दाखल झालेली पाहिजे, आणि प्रोसेस फी असेल तर ती वेळेत भरली पाहिजे. हे क्षुल्लक वाटतं, पण फी भरली नाही तर तेवढ्या कारणावरून तक्रार फेटाळायचा अधिकार कोर्टाला आहे. एकदा प्रोसेस निघाली की तेच मॅजिस्ट्रेट ती मागे घेऊ शकत नाहीत, २००४ च्या अदालत प्रसाद निकालापासून हे पक्कं आहे. व्यापाऱ्याला सेशन्समध्ये रिव्हिजन किंवा मुंबई हायकोर्ट हेच रस्ते उरतात.

पर्याय फ राहिला, आरोप निश्चिती. त्याला खटला म्हणजे ट्रायल सुरू होणं म्हणतात, २०१४ च्या हरदीप सिंग निकालात घटनापीठाने तसं सांगितलंय. केस सुरू होणं आणि खटला सुरू होणं यात कधीकधी वर्षं जातात, म्हणून दोन्ही एकच समजू नका.

आता कोणी विचारेल, दखल आज घेतली की सहा महिन्यांनी, तक्रारदाराला काय फरक पडतो? दोन ठिकाणी हा प्रश्न फार महत्त्वाचा होतो, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे उत्तर दखलीची तारीख नाही असंच आहे.

पहिलं मुदतीचं. कलम ५१४ सांगतं की फक्त दंडाच्या गुन्ह्याची सहा महिन्यांनंतर, एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची एक वर्षानंतर आणि एक ते तीन वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याची तीन वर्षांनंतर दखल घ्यायची नाही. नानांची फसवणूक सात वर्षांची, तिला मुदत नाही. पण समजा पैसे मागायला गेल्यावर व्यापाऱ्याच्या माणसाने नानांच्या मुलाला चार थोबाडीत मारल्या, साधी मारहाण, एक वर्षाची शिक्षा, आणि पोलिसांनी एनसी लिहून घेतली. मुलगा ती एनसीची प्रत पाकिटात ठेवून वर्षभर फिरला की केस चालू आहे. केस चालू नाहीये. एनसीची नोंद दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडे जाते, पण ते नुसतं कळवणं आहे, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. मुदत मोजताना कायदा दोन तारखा बघतो, कलम २२३ ची तक्रार दाखल झाल्याची किंवा कलम १७३ खाली माहिती नोंदवल्याची. एनसी कलम १७४ मध्ये आहे, ती या दोन्हीत बसत नाही. त्यामुळे एनसीवर विसंबून राहायचं नाही, वर्षाच्या आत कोर्टात तक्रार दाखल करायची. ती दाखल केली की मग मॅजिस्ट्रेटनी दखल दोन वर्षांनी घेतली तरी तक्रारदाराचं नुकसान नाही, सारा मॅथ्यू केसमध्ये २०१३ लाच सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे ठरवलंय, कोर्टाच्या उशिराची शिक्षा तक्रारदाराला नको म्हणून. नवीन कायद्यात तेच स्पष्टीकरण म्हणून घातलं.

दुसरं जामिनाचं. नानांच्या केसमध्ये व्यापारी पकडला गेला आणि आत आहे. ६० दिवसांत चार्जशीट आली नाही तर त्याला जामीन मागायचा हक्कच मिळतो. आता चार्जशीट ५८ व्या दिवशी आली पण मॅजिस्ट्रेटनी दखल ७० व्या दिवशी घेतली, तर? हक्क मिळत नाही. चार्जशीट वेळेत दाखल झाली एवढं पुरे, दखल नंतर झाली तरी चालते. २०१३ चा सुरेश कुमार भिकमचंद जैन निकाल आहे, आपल्या शेजारच्या जळगावच्याच केसमधला. आरोपीच्या घरच्यांना "दखल झाली नाही, आता सुटेल" असं कोणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे.

शेवटी हे ओळखायचं कसं, तर अ‍ॅपवरचा सीएनआर नंबर बघून कळत नाही, तो नंबर अर्ज दाखल झाला की पडतोच. रोजनामा, म्हणजे कोर्टात त्या केसच्या प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, आणि त्या तारखेच्या आदेशाची नक्कल काढा. आदेशात कलम १७५(३) आणि तपास असे शब्द असतील तर दखल झालेली नाही. व्हेरिफिकेशनसाठी किंवा आरोपीला नोटीस असं असेल तरी अजून नाही. कलम २१० खाली दखल घेतली असं लिहिलं असेल, किंवा कलम २२५ खाली चौकशी किंवा २२७ खाली प्रोसेस असेल, तर झालीये, कारण या दोन पायऱ्या दखलीशिवाय येतच नाहीत. आणि खाजगी तक्रारीवर थेट प्रोसेस निघालीये पण रोजनाम्यात आरोपीला आधी नोटीस गेल्याची नोंदच नसेल, तर तक्रारदाराच्या वकिलांना ते लगेच दाखवा, कारण समोरचा वकील नेमका तोच कागद घेऊन वरच्या कोर्टात जाणार आहे.